बनपावाचं त्रैराशिक

बेकरीवाल्यांची पाकृती पहिल्यांदा बघितली की माणूस चक्रावतो. मैदा १०० टक्के, दूध ५० टक्के, अंडं १०, साखर १५, लोणी १२... सगळ्याची बेरीज १९०! शाळेत असं गणित केलं असतं तर कान पिळला गेला असता. पण इथे १०० टक्के म्हणजे मैद्याचं वजन, आणि बाकी प्रत्येक वस्तू मैद्याच्या तुलनेत मोजायची. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

आमचा नेहमीचा बन घ्या. बनमस्क्याचा असतो तसा, गोडसर आणि मऊ. मैदा ५०० ग्रॅम, दूध २५०, अंडं (फोडून) ५०, साखर ७५, लोणी ६०, मीठ ८ आणि इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम. एकूण गोळा ९५० ग्रॅमचा, म्हणजे मैद्याच्या १९० टक्के. साठ ग्रॅमचा एक, असे पंधरा-सोळा बन होतात.

परवा मावसबहिणीचा नागपूरहून फोन. काकांची पंचाहत्तरी आहे. मुंबईत नोकरी करताना ते रोज इराण्याकडे बनमस्का खायचे, म्हणून तोच करायचाय. माणसं चोवीस, आणि मावशी अंडं खात नाही. "दादा, सगळं दीडपट करू आणि अंडं काढून टाकू ना?"

दीडपट ठीक आहे गं, पण अंडं नुसतं काढून चालत नाही, कारण अंडं म्हणजे बरंचसं पाणीच. पिठातल्या पाण्याचं मैद्याशी प्रमाण म्हणजे हायड्रेशन. साध्या पावात पाणी मोजलं की झालं, गोड पावात ते लपून बसलेलं असतं. दुधात साधारण ८७ टक्के पाणी, अंड्यात ७५, बाजारच्या लोण्यात १६ च्या आसपास. म्हणून आपल्या बनात दुधाचं ४३.५, अंड्याचं ७.५ आणि लोण्याचं २ असं मिळून ५३ टक्के पाणी आहे. दूध आणि अंडं मिळून ६० दिसतात, पण ते सगळं काही पाणी नाही.

आता अंडं काढलं तर ७.५ टक्के पाणी गेलं. ते दुधातून भरायचं, तर ७.५ भागिले ०.८७, म्हणजे सुमारे ८.५. दूध ५० चं ५८.५ झालं, पाणी पुन्हा ५३ च्या जवळ. अंड्यातला बांधून ठेवण्याचा गुण आणि बलकाची स्निग्धता मात्र दुधाने येत नाही. बन थोडा कमी फुगतो, रंगही फिका येतो. वरून दूध लावलं की जरा बरा दिसतो.

आता नवी बेरीज १८८.५. चोवीस बन गुणिले साठ म्हणजे १४४० ग्रॅम गोळा. त्याला १.८८५ ने भागलं की मैदा ७६४, म्हणून ७६५ धरू. मग दूध ४४७, साखर ११५, लोणी ९२, मीठ १२, यीस्ट ११. बाकी सगळं याच एका मैद्याच्या आकड्यातून निघालं. गोळ्यापासून मागे यायचं, हीच खरी युक्ती.

मी तिला एकच ताकीद दिली, मळताना चिकटलं तर मैदा भुरभुरू नकोस. साखर विरघळून पीठ सैल करते, त्यामुळे ५३ टक्क्यांत साधा पाव घट्ट मळला जाईल, पण हे पीठ सुरुवातीला हाताला चिकटतं. वर पन्नास ग्रॅम मैदा गेला की दूध ५८.५ चं ५५ वर येतं, मीठ-साखरही उतरतात, आणि दुसऱ्या दिवशी बन कोरडा लागतो. त्यापेक्षा दहा मिनिटं मळ, मग मऊ लोणी थोडं थोडं घाल. तुकडा ताणून पातळ पडदा झाला, फाटला नाही, की झालं. मैदे सारखे नसतात, म्हणून दुधातलं तीसेक ग्रॅम हाताशी राखून ठेव आणि लागेल तसं घाल.

टक्क्यांना काही गोष्टी कळत नाहीत. वेळ, उदाहरणार्थ. मैदा दीडपट झाला म्हणून फुगायला दीडपट वेळ लागत नाही, उलट मोठा गोळा ऊब धरून ठेवतो आणि जरा लवकरच वर येतो. घड्याळ नको, बोट बघ. टोचलेला खळगा हळूहळू आणि अर्धवट भरून आला तर भट्टीची वेळ झाली. भाजण्याचा वेळ तर बनाच्या वजनावर ठरतो, संख्येवर नाही.

आणि काकांना जास्त गोड आवडतं म्हणून साखर २५ टक्के करायचा मोह झाला तर? तेवढी साखर यीस्टचंच पाणी ओढून घेते, ते मंदावतं. त्यापेक्षा साखर १५ च राहू दे आणि मस्क्यावर भुरभुरव. इराणीही तेच करतात!