आजीला ‘धूर्त’ म्हणणारा निबंध

चि. सोनूस,


तू पाठवलेला नववीतल्या मुलाचा निबंध वाचला. ‘शब्द चुकीचे’ असा शेरा मारून वही परत द्यावी का, असं तू विचारलंस. तसं करू नकोस. त्यातून तो एवढंच समजेल की समानार्थी शब्दांच्या यादीतला हा शब्द नको होता, शेजारचा घ्यायला हवा होता. सोयीसाठी त्याचा परिच्छेद इथे उतरवते:

‘माझ्या आजीचे माझ्यावर फार अनुराग आहे. ती शाळेत गेली नाही, पण अत्यंत धूर्त आहे. आजोबांचा अंत झाल्यावर तिने एकटीने शेत सांभाळले. तिच्या कंजुषीमुळेच बाबांचे शिक्षण झाले. आजही ती सकाळी कळशीने उदक आणते. मी खोटे बोललो की तिला कोप येतो. तिच्या टाचांना भेगा आहेत.’

मुलाने आधी साधंच लिहिलं होतं आणि शब्द नंतर बदलले, हे पहिल्याच वाक्यात दिसतं. ‘आजीचे’ हे रूप ‘प्रेम’ या नपुंसकलिंगी शब्दाला धरून आलेलं आहे. प्रेम उचलून तिथे ‘अनुराग’ हा पुल्लिंगी शब्द ठेवला, पण मागचं ‘आजीचे’ तसंच राहिलं. लिंग जुळत नसेल तिथे थांबून बघ, खालचा मूळ शब्द बहुतेक वेळा सापडतो. दुसरी खूण क्रियापदाची. राग येतो, पण कोप होतो किंवा ओढवतो. ‘कोप येतो’ असं आज सहसा कोणी म्हणत नाही, कारण ते ‘येतो’ रागाचं आहे. तिसरी खूण शेजारच्या शब्दांची. कळशी रोजच्या घरातली आणि उदक संकल्पाच्या पळीतलं. आपण उदक सोडतो, उदकशांत करतो, एखाद्या गोष्टीवर उदक सोडून हक्क संपवतो. उदक कळशीने आणलं, की घरात काही विधी आहे असं वाचणाऱ्याला वाटतं.

सगळे शब्द एकाच दिवशी दुरुस्त करायला घेऊ नकोस. आधी फक्त ‘धूर्त’ आणि ‘कंजुषी’ घे, कारण या दोन ठिकाणी कौतुकाची निंदा झाली आहे. निबंध आजीला कोणी वाचून दाखवला, तर तिला वाईट वाटेल ते इथेच. काटकसर आणि कंजुषी, दोन्हींत पैसा कमीच खर्च होतो. पण काटकसर करणारी बाई पुढच्या गरजेसाठी पैसा राखते आणि कंजूस माणूस गरज समोर उभी असतानाही देत नाही. बाबांच्या शिक्षणाला पैसे देणारी बाई कंजूस असूच शकत नाही, म्हणजे त्याचं वाक्य स्वतःलाच खोटं पाडतं. हे तू सांगू नकोस. ‘कंजूस माणसाने फी भरली असती का?’ एवढंच विचार, शब्द त्याचा तोच बदलेल.

‘धूर्त’चा उलगडा जरा मागे जाऊन होतो. जुन्या मराठीत हा शब्द चतुर माणसासाठी चांगल्या अर्थानेही येई. दासबोधात तो तसा सापडतो. आज मात्र त्यात दुसऱ्याला फसवण्याचा वास आहे. यादीत चतुर, चाणाक्ष, धूर्त असे शब्द एका ओळीत राहिले आणि मधला काळ गळाला.

या याद्यांच्या घडणीतच हे आहे. पाणी, जल, नीर, उदक, तोय ही माळ संस्कृत कोशांतून आली. अमरकोश श्लोकात आहे, पाठ करण्यासाठी. त्यात पाण्याला वीसहून अधिक नावं आहेत आणि त्यांत वन, कमल, क्षीर हेही शब्द आहेत. वृत्तात बसेल तेवढ्या अक्षरांचा शब्द हवा असलेल्या कवीला अशी यादी फार कामाची. पण आपण कोणी तहान लागल्यावर वन पीत नाही. शिवाय त्या कोशाचं दुसरं नाव नामलिंगानुशासन आहे, म्हणजे नावाबरोबर लिंग सांगणं हे त्याचं कामच होतं. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकामागच्या यादीत लिंग गेलं, संदर्भ गेला आणि मध्ये बरोबरचं चिन्ह आलं. समानार्थी शब्दाला गुण मिळतो, मुलं ते चिन्ह खरं मानतात. मला त्या चिन्हाचा खरोखर राग येतो.

म्हणून यादी काढून घेऊ नकोस, तिच्या शेजारी शब्दकोश ठेव. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात, किंवा मोल्सवर्थच्या कोशात, ‘उदक’ काढायला लाव आणि अर्थाखालचे वाक्प्रचारही वाचायला लाव. शब्द कोणाच्या संगतीत वावरतो ते तिथे कळतं.

मात्र प्रत्येक वेळी मूळ शब्द परत आणला की काम झालं, असं नाही. ‘धूर्त’च्या जागी ‘हुशार’ हा त्याचा पहिला शब्द असणार. तोही पातळच होता, म्हणून तर त्याला बदलावासा वाटला. अशा वेळी वही मिटून त्याला विचार, ‘आजी हुशार आहे हे तुला कशावरून कळलं?’ तू लिहिलंस की तिच्या घरी कांद्याची शेती आहे. मग तो बहुधा सांगेल की व्यापाऱ्याने पट्टी दिली, की आजी हमाली-तोलाई तोंडी वजा करून बघते आणि चूक असेल तर तिथल्या तिथे दाखवते. तो जे सांगेल तेच वाक्य लिहून घे. तिथे विशेषणाची गरजच उरणार नाही.

‘अंत’ही असाच जागा चुकलेला शब्द. शत्रूचा अंत होतो, नाटकाचा करुण अंत होतो. आपल्या माणसाबद्दल आपण ‘वारले’ किंवा ‘गेले’ म्हणतो. ‘निधन’ शोकसभेच्या सूचनेत योग्य, घरच्या आजोबांसाठी लांबचं वाटतं. आणि अनुराग हा स्त्री-पुरुषांच्या प्रेमाकडे झुकतो, आजीसाठी मराठीत ‘माया’ आहे. तो शब्द त्याच्या यादीतही असेलच, फक्त सोपा म्हणून त्याने सोडला. म्हणजे यादीतला शब्द घेतला हा दोष नाही, अवघड दिसतो म्हणून घेतला हा आहे.

दुरुस्त झाल्यावर परिच्छेद साधारण असा होईल:

‘माझ्या आजीची माझ्यावर फार माया आहे. ती शाळेत गेली नाही, पण व्यापाऱ्याने दिलेल्या पट्टीतली चूक तोंडी हिशेब करून दाखवते. आजोबा वारल्यावर तिने एकटीने शेत सांभाळले. तिच्या काटकसरीमुळेच बाबांचे शिक्षण झाले. आजही ती सकाळी कळशीने पाणी आणते. मी खोटे बोललो की तिला राग येतो. तिच्या टाचांना भेगा आहेत.’

शेवटच्या वाक्याला मी हात लावला नाही, आणि त्यानेही लावला नव्हता. ‘भेगा’ला त्याच्या यादीत दुसरा शब्द नसावा. परिच्छेदातलं सर्वांत चांगलं वाक्य तेच आहे, हे त्याला सांग, आणि त्याच्या बाजूला बरोबरची खूण कर.

एक राहिलं. पाणी हा शब्द पुढे त्याच पानावर आणखी चारदा आला तर येऊ दे. ‘द्विरुक्ती’ म्हणून तू मागे एका वहीत गुण कापलेस, त्यानंतरच ही मुलं उदकाकडे वळली असावीत. वर्गात एकदा स्पष्ट सांगून टाक की त्यासाठी यापुढे गुण जाणार नाहीत. दुरुस्त केलेली वही आली की तिचाही फोटो पाठव.

तुझी,
मावशी