पीठ का रुसलं?

जानेवारी, सकाळी सात. लालबागच्या आमच्या खोलीत पातेल्यावरचं झाकण उचललं. रात्री दहाला वाटून ठेवलेलं पीठ जिथल्या तिथे. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “डाळ जुनी असेल गं.” पण याच डाळीचं पीठ ऑक्टोबरच्या उकाड्यात ओट्यावर सांडलं होतं.

✻

इडलीच्या पिठाला विरजण लावत नाहीत. जिवाणू डाळ-तांदळाबरोबरच येतात. त्यांतला मुख्य ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडीस. तो पिठातली साखर खाऊन आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. आम्लाने पीठ आंबतं, वायूने फुगतं. वायू धरून ठेवायचं काम उडदाच्या चिकट, फेसाळ वाटणाचं.

✻

तीस अंशांच्या आसपास हे काम रात्रभरात उरकतं. जानेवारीत पहाटे पारा १७-१८ वर येतो आणि टाकीचं पाणीही गार असतं. थंडीत जिवाणू मरत नाहीत, नुसते रेंगाळतात.

✻

पडताळून पाहिलं. एकच वाटण दोन सारख्या बरण्यांत अर्धं-अर्धं भरलं आणि पिठाच्या पातळीवर रबर चढवलं. एक बरणी खिडकीजवळ. दुसरी, कोमट पाण्याचा तांब्या सोबतीला देऊन, मोठ्या डब्यात. वरून जुनी शाल. झोपण्याआधी एकदा पाणी बदललं. सकाळी शालीतलं पीठ जवळजवळ दुप्पट, खिडकीतलं रबराच्या जेमतेम वर. ते तसंच राहू दिलं. रात्री आठला तेही वर आलं, आणि त्याच्या इडल्या हलक्या झाल्या. म्हणजे सकाळी सोडा घालायची घाई केली असती, तर फुगवटा मिळाला असता, आंबट चव नाही.

✻

ऊब हवी, चटका नको. पातेलं गरम शेगडीवर ठेवलं तर तळाचं पीठ शिजतं आणि तिथले जिवाणू मरतात. वाटताना पाणीही कोमटच, बोटाला सोसेल इतकं.

✻

प्रत्येक वेळी दोष थंडीचा नसतो. पीठ वर आलेलं नाही, बुडबुडे नाहीत, वासही कच्च्या डाळीचा: थंडी, थांबा. पीठ वर आलेलं नाही, पण आंबट वास आहे आणि बुडबुडे वर येऊन फुटताहेत: वायू तयार झाला, धरला गेला नाही. पीठ पातळ झालं असेल किंवा उडीद नीट वाटला गेला नसेल. तिथे शाल कामाची नाही. वाटलेल्या उडदाचा थेंब पाण्यात टाकावा. तरंगला तर वाटणात हवा पुरेशी आहे.

✻

परळच्या नाक्यावर सायकलवरून इडली विकणाऱ्या अण्णांना विचारलं, थंडीत काय करता? “संध्याकाळऐवजी दुपारीच वाटतो.” आणि मे महिन्यात? “झोपायच्या आधी वाटतो. नाहीतर सकाळपर्यंत आंबट होऊन खाली बसतं.”

माझ्या शालीचं काम अण्णा घड्याळावर भागवतात.