आजोळचं देणं

दवाखान्यात नवा केसपेपर काढताना एक प्रश्न ठरलेला असतो, "घरात कुणाला कॅन्सर?" आणि आपण बायका सासूसासऱ्यांना आठवतो न् "नाही हो" म्हणून मोकळ्या होतो. घर म्हणजे सासर, हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं! पण रक्ताचा हिशेब असतो तो माहेराशी, आणि तोही दोन्ही बाजूंनी. वडिलांचं घर धरायचं, तसंच आईचं माहेर, म्हणजे आपलं आजोळही धरायचं. मोठ्या आतड्याचा एक कॅन्सर अधूनमधून याच वाटेने येतो. तो आमच्याकडे आला, म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक सांगते. मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेल्या शंभर माणसांत हा प्रकार साधारण तिघांमध्येच आढळतो. त्याला 'लिंच सिंड्रोम' म्हणतात. १८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये डॉ. वॉर्थिन यांची शिवणकाम करणारी बाई त्यांना म्हणाली होती, की आमच्या घरातली माणसं आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली, तरुणपणी, गर्भाशयाच्या कॅन्सरने. डॉक्टरांनी तिच्या घराण्याची नोंद ठेवून १९१३ मध्ये ती छापली. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला, म्हणून त्यांचं नाव.

यात बिघडतं काय? शाळेत मुलांनी फळ्यावरचा मजकूर उतरवला, की बाई वह्या तपासतात ना, तसंच शरीरात चालतं. एका पेशीच्या दोन होताना आतला सगळा मजकूर नव्याने उतरवला जातो आणि झालेल्या चुका दुरुस्त करणारी काही जनुकं असतात. मुख्य चार. प्रत्येकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. लिंच घराण्यात त्यातली एक प्रत जन्मतःच नादुरुस्त येते. एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, की तिथे वह्या तपासायला बाईच उरत नाहीत, आणि चुका साचत जातात. आई किंवा वडिलांमध्ये हा दोष असला, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी हा भेद नाही.

आता आमच्याकडचं. माझे मोठे मामा ४४ व्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने गेले. आईची ४८ व्या वर्षी 'पिशवी काढली', एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आपल्याकडे पिशवी काढली म्हटलं, की पुढे कुणी विचारत नाही. मग मामेभावाला चाळिशीत आतड्याची गाठ निघाली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बसवून घेऊन तीन पिढ्या लिहून काढल्या, आणि आईचे जुने कागद आणायला सांगितले. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. वेगवेगळी वाटणारी ती तीन दुखणी एकाच मुळाची होती.

मी लगेच म्हटलं, माझं रक्त तपासा. बाई म्हणाल्या, "थांबा. आधी ज्याला आजार झालाय त्याचं." यातली मेख सगळ्यांनी समजून घ्यावी अशी आहे. घराण्यातला नेमका दोष माहीत नसताना निरोगी माणसाचं रक्त तपासलं आणि अहवाल कोरा आला, तर त्याचा अर्थ काय लावायचा? घराण्यात दोष आहे पण मला मिळाला नाही, की तो असा आहे की या तपासणीत सापडतच नाही? काहीच कळत नाही. पैसे जातात आणि खोटा दिलासा मिळतो.

म्हणून सुरुवात भावापासून झाली, आणि तीही रक्तापासून नव्हे. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा लॅबमध्ये मेणाच्या वडीत जपलेला असतो. त्यावर रंग टाकून त्या चार जनुकांची प्रथिनं हजर आहेत का, ते पाहतात. भावाच्या गाठीत दोन गैरहजर होती, एमएसएच-२ आणि एमएसएच-६. प्रथिन गैरहजर म्हणजे अनुवंशिकच, असं मात्र नाही बरं का. एमएलएच-१ नावाचं प्रथिन पुष्कळदा वयोमानाने त्या गाठीपुरतं बंद पडलेलं असतं. तेव्हा आणखी एक तपासणी करून ते वगळावं लागतं. भावाचं तसं नव्हतं. मग त्याचं रक्त तपासलं आणि एमएसएच-२ मधला दोष सापडला.

आता कुठे आमची पाळी. आईमध्ये तोच दोष निघाला, माझ्यात निघाला, माझ्या भावात नाही. घराण्यातला दोष आता माहीत होता, त्यामुळे त्याच्या 'नाही'ला खरी किंमत होती. त्याला वेगळ्या तपासण्या नकोत, त्याच्या मुलांनाही नकोत. हा दोष पिढी गाळून उडी मारत नाही. माझ्या मुलीचं रक्त मात्र ती अठरा वर्षांची झाल्यावर, तिला विचारून.

माझ्यात आहे, म्हणजे कॅन्सर झालाच असं नव्हे. पण आतड्याचा धोका जवळजवळ निम्मा, आणि गर्भाशयाचाही त्याच्या आसपास. एरवी आतड्यातल्या छोट्या कोंबाचा, म्हणजे पॉलिपचा कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं लागतात. इथे दोन-तीन वर्षांतही होतो. म्हणून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीने आतडं पाहायचं आणि पॉलिप दिसला तर तिथल्या तिथे काढायचा. आदल्या दिवशीचं ते जुलाबाचं औषध नको वाटतं, पण तपासणी गुंगीत होऊन जाते. गर्भाशयासाठी अशी खात्रीची तपासणी नाही. तेव्हा मुलंबाळं झाल्यावर चाळिशीच्या सुमारास पिशवी आणि बीजांडकोश काढण्याचा पर्याय डॉक्टर समोर ठेवतात. माझा निर्णय अजून व्हायचा आहे.

याचाच एक दूरचा भाऊबंद म्हणजे पॉलिपोसिस. त्यात विशीच्या आतच आतड्यात शेकडो पॉलिप येतात. तिथे मात्र थांबायचं नसतं. मुलांची तपासणी दहा-बारा वर्षांपासूनच करतात, आणि कधीकधी घरात कुणालाच नसताना तो नव्याने उपटतो.

मग विचारायचं कुणी? आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर पन्नाशीच्या आत झालेल्यांनी. एकाच माणसाला हे दोन्ही झालेल्यांनी. आणि रक्ताच्या एकाच बाजूला दोन-तीन जणांना हे आजार झालेल्यांनी. खरं तर अशी प्रत्येक गाठ त्या चार प्रथिनांसाठी तपासावी, असं आता डॉक्टर सांगतात, कारण त्यावर रोग्याचं औषधही ठरू शकतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अनुवंशिक कॅन्सरचा स्वतंत्र दवाखाना आहे. अहवालात 'अर्थ अनिश्चित' असा शेरा आला, तर त्यावर ऑपरेशनचे निर्णय घेऊ नका. तो दोष ठरलेला नसतो.

आमची मामी म्हणाली, "मुलींची लग्नं व्हायचीत, कुठे बोलू नका." तिची भीती खोटी नाही. गावभर सांगायची गरजही नाही. पण मामांच्या दोन्ही मुलींना, लग्न झालेल्या मावशीला आणि तिच्या मुलांना सांगावंच लागलं. भावाच्या अहवालाची प्रत मी स्वतः नेऊन दिली. मावशी वाचून गप्प बसली, मग म्हणाली, "माझी पिशवी कशासाठी काढली होती, तेवढं आता शोधून काढते."