मखमलीवरील कडे

मखमलीवर पाणी सांडले की तेवढाच भाग पुसून काढावा, असे गृहिणींना वाटते. आणि मखमलीचा घात होतो तो येथेच. पाणी वाळताना ओल्या भागाच्या कडेस आधी व जलद वाळते. मग आतील पाणी त्या कडेकडे ओढले जाते आणि कापडातील धूळ, खळ व क्षार तेथे आणून टाकते. कॉफीच्या थेंबाचे कडे असेच उमटते, हे शिकागो येथील डीगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली दाखवून दिले. डाग पाण्याचा नसून पाणी जेथे थांबले त्या सीमेचा आहे, हे एकदा ध्यानात आले म्हणजे उपाय आपोआप सुचतो : सीमाच उरू द्यावयाची नाही.

अकोल्यास पावसाळ्यात आमच्या बैठकीतील कोचावर कौलांतून पाणी गळले आणि एका गादीवर ताटाएवढे तपकिरी कडे उमटले. पावसाचे पाणी मुळात निर्मळ. पण कौलांवरील माती घेऊन ते आले होते. मखमल कोणत्या धाग्याची, हे आम्ही आधी पाहिले. खालच्या बाजूचा एक धागा ओढून जाळला, तेव्हा कागदाचा वास येऊन मऊ राख राहिली. पॉलिएस्टरचा असता, तर वितळून कठीण मणी झाला असता. रेयॉनही कापसासारखाच जळतो; परंतु भिजल्यावर तो सहज तुटतो. आमचा धागा ओला असताही तुटेना. तेव्हा तो सुताचा ठरला. कोचाच्या पाठीमागे थोडे पाणी लावून वाळवूनही पाहिले. रंग सुटला नाही.

मग उघडीप पाहून कामास आरंभ केला. मऊ ब्रशाने धूळ झाडली. बॅटरीत घालतात ते क्षाररहित पाणी फवाऱ्याने, हातभर अंतरावरून, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत सर्व गादीवर सारखे उडविले. केवळ वरची लव ओलसर होईल, आतील फोम भिजणार नाही, इतकेच. पांढरे सुती फडके दाबून पाणी टिपले, घासले मुळीच नाही. फडक्यावर तपकिरी छटा येईनाशी होईपर्यंत फडकी बदलली. नंतर पंखा लावला आणि वाळत असतानाच लव प्रथम उलट्या व मग सुलट्या दिशेने ब्रशाने उभी केली. कारण लव ज्या स्थितीत वाळते त्याच स्थितीत बसते.

वाळल्यावर कडे दिसेना. जेथे लव अजून दबलेली होती तेथे इस्त्री चार बोटे वर धरून, टेकू न देता, नुसती वाफ दिली व पुन्हा ब्रश फिरविला. गादीच्या पुढील काठावर मात्र लव उठली नाही. तेथे वर्षानुवर्षांच्या बसण्याने धागे झिजून तुटले आहेत, आणि जे तुटले ते वाफेने उभे राहत नाही. रेयॉनची मखमल असेल, तर तिला घरी पाणी लावूच नये. ती जाणत्या धोब्याकडेच द्यावी.