गोणीवरचा मजकूर

मुठा खोऱ्यात भाताची झोडणी संपली की गोठ्याजवळ पेंढ्याची उडवी उभी राहते. जनावरांचे पोट तिने भरते, दूध मात्र तिच्यावर उतरत नाही. भाताच्या पेंढ्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के, फॉस्फरस अगदी थोडा. शिवाय त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. उरलेली भर पशुखाद्याने व खनिज मिश्रणाने करावी लागते.

येथील तीन गाईंच्या एका गोठ्याचे मालक पुण्यातील भुसार व्यापारी आहेत. प्रथम त्यांनी १,३५० रुपयांची, सर्वांत स्वस्त गोणी निवडली होती. नंतर त्यांनी पेढीवरचाच हिशेब मांडला. त्या ५० किलोंत १६ टक्के, म्हणजे ८ किलो प्रथिने. किलोमागे १६९ रुपये. दुसरी गोणी १,५०० रुपयांची व २० टक्क्यांची, तेथे हाच भाव १५० रुपये. तिसरी १,७०० रुपयांची, २२ टक्क्यांची. भाव १५५ रुपये. स्वस्त गोणीच सर्वांत महाग ठरली.

तिसऱ्या गोणीवर बारीक अक्षरांत ‘युरिया १ टक्का’ असे छापलेले होते. प्रयोगशाळा प्रथिने थेट मोजत नाही. ती नत्र मोजून त्यास ६.२५ ने गुणते. युरियात ४६ टक्के नत्र असल्याने एक टक्का युरिया कागदावर जवळजवळ २.९ टक्के प्रथिने वाढवतो. ते वगळल्यास प्रथिनांचा भाव किलोमागे १७८ रुपयांवर जातो. ही लबाडी नव्हे. मोठ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीव युरियापासून प्रथिने घडवतात, अट एवढीच की सोबत धान्याचा पिष्टमय भाग हवा. लहान वासरास मात्र ते खाद्य घालू नये, कारण त्याचे पोट अजून त्यासाठी तयार नसते. मालकांनी वीस टक्क्यांची, युरिया नसलेली गोणी घेतली, आणि जुन्या खाद्यात ती आठवडाभरात हळूहळू मिसळली.

खनिज मिश्रणाचा प्रश्न अधिक नाजूक होता. कॅल्शियम व फॉस्फरस किती, हे पिशवीवर होते; मीठ घातलेल्या मिश्रणात हे आकडे कमी असतात, आणि मीठ तर किराणा दुकानात नगण्य भावाने मिळते. म्हणून बिनमिठाचे मिश्रण बरे. पण घटकांत ‘डायकॅल्शियम फॉस्फेट’ एवढेच लिहिलेले होते. ते खडकातील फॉस्फेटपासून बनते, तसेच हाडांपासूनही बनते, आणि नावावरून भेद कळत नाही. ‘शाकाहारी’ हा शब्द जाहिरातीत असणे आणि उगम लिखित मिळणे, यांत फरक आहे.

मालकांनी दोन उत्पादकांना पत्रे धाडली: फॉस्फेट कोणत्या कच्च्या मालापासून केले आहे? एकाने खनिज खडकाचा उल्लेख करून सही-शिक्क्यानिशी उत्तर दिले. दुसऱ्याने केवळ माहितीपत्रक पाठविले. पहिल्याची पिशवी आली. प्रत्येक गाईला पिशवीवर लिहिल्याप्रमाणे रोज ५० ग्रॅम देण्यासाठी गोठ्यात आता एक मापाचे भांडे टांगलेले असते.