मेलेली लिंक सापडली हो!

ऐका, ऐका! हातातलं काम ठेवा बाजूला! दुसऱ्याच्या साइटवर आपली लिंक मिळवायला गयावया करावी लागत नाही! त्यांच्याच साइटवरची एक मेलेली लिंक शोधायची आणि त्यांना कळवायची! जाणकारांना हे कधीचंच ठाऊक आहे म्हणे, त्याला ‘ब्रोकन लिंक बिल्डिंग’ असं भारदस्त नावही आहे. मला मात्र आत्ता कळलंय आणि माझा पाय घरात ठरेना! एसईओतलं मला ओ की ठो कळत नाही हं, आधीच सांगते.

झालं काय, माझ्या चिमुकल्या ब्लॉगवर एक पान आहे: गच्चीवरून पावसाचं किती पाणी मिळेल? हिशेब अगदी सोपा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोब्बर एक लिटर! म्हणजे १०० चौरस मीटर गच्ची आणि वर्षाचा ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ७०,००० लिटर, त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला समजा, तरी ५६,००० लिटर! छप्पन्न हजार! पण हे वाचायला येतंय कोण? मी आणि माझी आई.

मग मी गूगलवर "पावसाचे पाणी" "उपयुक्त लिंक" असं अवतरणचिन्हांसकट टाकलं, आणि मग पर्यावरणाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेचं पान उघडलं, आणि मग त्यावरची एकेक लिंक दाबत गेले, आणि मग एक लिंक दाबली तर काय, पाण्याच्या जागी जुगाराची जाहिरात! म्हणजे जुन्या मालकानं साइटचं नाव सोडून दिलेलं, भलत्यानंच ते विकत घेतलेलं, आणि त्या भल्या माणसांच्या पानावर हे ध्यान खुशाल बसलेलं! गंमत म्हणजे तिथे 404 वगैरे काही येत नाही. पान छान उघडतं, म्हणून लिंक तपासणारं यंत्रही तिला जिवंतच समजतं. स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागतं!

आता खरी मजा! ती जुनी लिंक web.archive.org वर टाकली आणि काही वर्षांपूर्वीचं मूळ पान जसंच्या तसं समोर! त्यात हिशेब होता, शिवाय पहिल्या सरीचं धूळकट पाणी टाकीत न घेता सोडून कसं द्यायचं, त्याची आकृती होती. माझ्या पानावर ती नव्हती. मग आधी बसून आकृती काढली, कारण मेलेल्या पानाची जागा भरून निघाली नाही तर त्या लोकांनी माझं पान घ्यावं तरी कशाला?

आणि मग ईमेल. हा बघा:

> विषय: तुमच्या ‘उपयुक्त लिंक’ पानावरची एक लिंक जुगाराच्या साइटवर जाते आहे
>
> नमस्कार,
> ‘पाणी’ या भागातली तिसरी लिंक आता जुगाराच्या जाहिरातीवर उघडते. मूळ पानाची जुनी प्रत सोबत देते आहे. त्याच विषयावर मी एक पान केलं आहे: गच्चीचं माप टाकलं की लिटर कळतात, पहिलं पाणी सोडण्याची आकृतीही आहे. योग्य वाटलं तर जुन्या लिंकच्या जागी ते ठेवता येईल. नाहीतर निदान ती लिंक तरी काढून टाका.

खाली माझं खरं नाव आणि गाव. बस्स! ‘आपली साइट फारच सुंदर आहे’ नाही, ‘तुम्ही माझी लावा, मी तुमची लावते’ नाही. ते शेवटचं वाक्य पाहिलंत ना? माझी लिंक नाही लावली तरी त्यांचं काम होतंच! सगळी जादू तिथे आहे.

आणि उत्तर आलं! ‘कळवल्याबद्दल आभार, बदल केला आहे.’ मी उडालेच! मग त्या पानावर Ctrl+U दाबून आतला मजकूर बघितला. माझ्या लिंकला rel="nofollow" लावलेलं नव्हतं! ते असतं तर ‘या लिंकची शिफारस आम्ही करत नाही’ अशी गूगलला खूण गेली असती. अर्थात त्यामुळे उद्या सकाळी मी पहिल्या पानावर झळकणार, असं मुळीच नाही. एका लिंकनं तेवढं होत नाही. पण त्या पानावरून खरीखुरी माणसं येऊ लागलीत, आईखेरीज!

असे ईमेल सगळेच काही लागू पडत नाहीत. बरेच जण उत्तरच देत नाहीत. आठवड्यानं एकदा आठवण करावी, मग सोडून द्यावं. आणि एकच मजकूर शंभर जणांना पाठवाल तर तो थेट कचऱ्यात जाईल, कारण ‘तिसरी लिंक’ हे शब्द ते पान खरंच उघडून बघणाऱ्यालाच लिहिता येतात.

तेव्हा चला, उठा! तुमच्या विषयाचं एखादं जुनं, धूळ बसलेलं ‘उपयुक्त लिंक’ पान आजच उघडा आणि एकेक दाबत सुटा. फक्त समोरून ‘लिंक लावू, पण पैसे द्या’ असं उत्तर आलं तर गुपचूप परत फिरा. गूगलमध्ये वर चढण्यासाठी लिंक विकत घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही!