कोणी न पाहिलेला डॅशबोर्ड

गोदामातल्या साठ्याचा डॅशबोर्ड बंद करावा का, हा विचार आज दिवसभर मनात होता. नोंदीत रोज पाहणी दिसत होती, म्हणून इतके दिवस त्याला हात लावला नव्हता. आज वेळा पाहिल्या तर साऱ्या पहाटे पाचच्या. ते सर्व्हिस अकाउंट होतं, ईमेलसाठी चित्र काढणारं. ते वगळलं तर 90 दिवसांत एकही माणूस उरला नाही.

तरी 90 दिवसांवर विसंबवेना. मोजणी 13 महिन्यांपर्यंत मागे नेली, तेव्हा मार्चअखेरीस लेखा विभागातल्या एकीने तो उघडलेला दिसला. वर्षातून एकदाच लागणारी गोष्ट निरुपयोगी कशी म्हणावी? आणि जे ईमेलमध्येच चित्र पाहतात, ते तर मोजणीत येतच नाहीत. त्यांना विचारूनच ठरवावं लागेल.

डॅशबोर्डमागचा रोजचा जॉब मात्र लगेच पुसणार नाही. एअरफ्लोमध्ये आधी फक्त थांबवेन:

```
airflow dags pause stock_daily
```

त्याने भरलेलं टेबल दुसरा रिपोर्ट वाचत असेल, तर तिथला आकडा शिळा होऊन कुणीतरी विचारेलच. महिनाभर कुणी विचारलं नाही, तर कोड गिटमध्ये टॅग करून ठेवेन, शेवटचा डेटा जपेन आणि सोबत चिठ्ठी: वेळापत्रक काय, मालक कोण, आणि `catchup` बंद करूनच पुन्हा सुरू करा, नाहीतर चुकलेल्या साऱ्या फेऱ्या धावू लागतील.

रोज इमानाने राबणाऱ्या त्या जॉबविषयी मला माया वाटते. लेखा विभागाला उद्या विचारेन. त्यांना डॅशबोर्ड हवा आहे, की मार्चमधला एकच आकडा?